बारकी चार

जानेवारीत पेठेतली लाईट गेली की आम्ही गच्चीवर पळायचो. त्या रात्री सायलीतायडी गारगोटीहून आलेली, गळ्यात मैत्रिणीची दुर्बीण, आणि आजीची वाकळ आम्ही दोघांनी टाकीच्या कडेला अंथरली.

"सांग बघू, ह्यात ग्रह कुठला?"

मी लगेच मृगाच्या खालचा लखलखणारा दाखवला, एवढा मोठा म्हणजे ग्रहच असणार की.

"त्यो व्याध. तारा हाय. नीट बघ, रंग बदलतोय का न्हाई?"

खरंच की, एकदा निळा, एकदा लाल, मधेच हिरवट, नुसता थरथरत होता. मग तायडीनं माझी मान धरून पूर्वेला वळवली. तिकडं पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी एक पिवळसर पांढरा, व्याधापेक्षाही मोठा, पण एकदम शांत, देवघरातल्या समईसारखा.

"गुरू," ती म्हणाली. "मी सांगतो बघ का ते. गुऱ्हाळात काहिलीच्या पलीकडं माणूस उभा असला की कसा हालल्यागत दिसतो, वाफेनं? आपल्यावरची हवा तशीच हालत असती. तारा इतका लांब की नुसता टिंब, हवा जरा हालली की त्यो लुकलुकतो. ग्रह जवळ, त्येची बारीक का असंना थाळी असती, म्हणून एक कड हालली तरी बाकीची उजेड सांभाळत्यात."

मला ते इतकं पटलं की पुढचा अर्धा तास मी फक्त थरथरतंय का एवढंच बघत बसलो, आणि रंकाळ्याच्या अंगाला खाली एक लुकलुकताना दिसला तसं ओरडलो, तारा! तायडी हसली. तो शनी होता. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, तिथं ग्रहसुद्धा थोडा हालतो, म्हणून आधी चंद्र-सूर्य ज्या वाटेनं जातात ती वाट बघायची, ग्रह त्याच वाटेवर सापडतात.

मग टाकीवर कोपर टेकवून दुर्बीण गुरूवर धरली. श्वास रोखला तेव्हा कुठं दिसलं, गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके, डावीकडं एक, उजवीकडं तीन. त्याचे चंद्र. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीतच बघितलेले हेच. मी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलनं मांडून ठेवले, दुसऱ्या रात्री बघतो तर दोन डावीकडं, दोन उजवीकडं. जागा सोडली होती त्यांनी! मला झोपच लागली नाही.

तिसऱ्या रात्री आजी जिना चढून आली, गुडघे दुखत असताना. कित्येक वर्षं गुरुवार धरणारी बाई.

"ह्यो व्हय गुरू?" तिनं आधी हात जोडले. मग तायडीनं दुर्बीण तिच्या चष्म्याला लावून धरली, आजी बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि मग हळूच म्हणाली,

"आणि ही बारकी चार कुणाची रं?"