रविवार सकाळ साडेसात : व्हिडिओ कॉल आणि कॅलेंडरचं निमंत्रण

आई-बाबा, दादा, वहिनी, ताई, मंदार,

रविवार ६ सप्टेंबर २०२६पासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी ७:३० (भारत) हीच वेळ पक्की. सध्या ती अशी पडते :

सांगली : रविवार सकाळी ७:३०
मेलबर्न : रविवार दुपारी १२
एडिसन : शनिवार रात्री १०
सॅन होजे : शनिवार संध्याकाळी ७

ग्रुपवर नुसतं "शनिवारी रात्री" लिहू नका. कुणाचा शनिवार, यावरूनच घोळ होतो. तारीख नेहमी भारताची सांगा.

निमंत्रण मी Asia/Kolkata या टाइम झोनमध्ये केलंय, कारण आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही. दादाने न्यू जर्सीच्या वेळेत केलं असतं, तर नोव्हेंबरपासून आई-बाबांचा कॉल साडेआठला गेला असता. आता घड्याळ बदलेल ते तुमच्याकडेच. मेलबर्नमध्ये ४ ऑक्टोबरला काटे पुढे जातात, म्हणून त्याच दिवसापासून मंदारला दुपारी १. अमेरिकेत १ नोव्हेंबरला पहाटे २ वाजता काटे मागे येतात, त्यानंतर दादाकडे रात्री ९ आणि ताईकडे संध्याकाळी ६. आज एडिसन-मेलबर्न अंतर १४ तासांचं आहे, नोव्हेंबरात १६ होईल. तेव्हा मनात हिशेब करू नका, कॅलेंडर दाखवेल तेच धरा.

१ नोव्हेंबरचा कॉल ताईकडे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी येतो, म्हणजे ऐन हॅलोवीन. मुलं घरात नसणार. म्हणून तेवढा एक ८ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, हलवलाय. फराळाची ताटं कॅमेऱ्यासमोर घ्या. १५ तारखेचा ठरल्याप्रमाणे होईल.

मेल आली की "Yes" दाबा. काहींच्या गूगल कॅलेंडरमध्ये उत्तर दिल्याशिवाय निमंत्रण चढतच नाही. वहिनी, आयफोनमध्ये जीमेल जोडलेलं असलं तरी त्या खात्याचं कॅलेंडर वेगळं चालू करावं लागतं; नोंद दिसली नाही तर आधी तेच बघा. निमंत्रण पुढे फॉरवर्ड करू नका. आणखी कुणाला घ्यायचं असेल तर त्यांचा ईमेल मला कळवा, मी जोडतो. पाहुण्यांना बदल करण्याची मुभा बंद ठेवलीय, राग मानू नका : एखादी तारीख हलवताना "This event"ऐवजी "All events" दाबलं गेलं, तर पुढची सगळी माळ सरकते.

मीटची लिंक दर वेळी तीच. फुकटच्या खात्यावर तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांनी कॉल तुटतो, म्हणून वेळ ५० मिनिटांचीच लावलीय. आठवण दोनदा येईल, आदल्या दिवशी आणि १० मिनिटं आधी. आई-बाबांनी काहीच दाबायचं नाही, लॅपटॉप टीव्हीला मी जोडून देईन.

जमणार नसेल त्या दिवशीच्या नोंदीवर "No" दाबा, म्हणजे आई वाट बघत बसणार नाही.

नीलेश