टोळीच्या घड्याळावर

पहाटे साडेपाच. मातोरीला डिसेंबरात दव इतकं पडतं की द्राक्षाच्या पानांवरून पाणी ठिबकत राहतं. उठल्याबरोबर फोन घेतला. मजुरांच्या टोळीच्या ताईंचा आवाजी निरोप होता: "वहिनी, आज आठला येऊ. बावीस जणी. गेल्या वेळेसारखं आंबटगोड वरण नको, पोटात दुखतं बायांच्या." शेवटचं वाक्य ऐकून सासूबाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं.

सहा वाजता हे बागेत गेले आणि मणी मोजून आले. बहुतेक घडांचा मणी साडेतीन मिलिमीटरला आला होता. म्हणजे आज जीएचा हात व्हायलाच हवा. द्राक्ष न पिकवणाऱ्याला ही घाई कळत नाही. मणी तीन-चार मिलिमीटरचा असताना जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात घड बुडवला तर मणी फुगतो. दोन-चार दिवस चुकले तर तो फुगवटा नंतर कशानेही भरून निघत नाही. आणि आमच्या आसपास सगळ्यांनी फळासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या त्याच पंधरवड्यात उरकलेली. सगळ्यांचे मणी एकाच आठवड्यात साडेतीनला येतात आणि सगळ्यांना त्याच बावीस जणी हव्या असतात.

आठला पिकअप आली, पेठ रोडवरून. या बाया पेठ, हरसूलकडच्या. तिकडे पाऊस धो धो, पण शेती बहुतेक त्या एका पावसावरची: भात, नागली, वरई. दिवाळीच्या सुमाराला पीक घरात आलं की माणसं नाशिककडे उतरतात. पूर्वी आमचे सासरे बैलगाडी, मग ट्रॅक्टर घेऊन पाड्यावर जायचे, पावसाळ्यातच उचल देऊन यायचे. उचल घेतलेलं कुटुंब हंगामभर बागेच्या कडेला झोपडीत राहायचं. दर मालक ठरवायचा, सुट्टी मालक द्यायचा. चहाचे कप कोनाड्यात वेगळे ठेवलेले असायचे. लग्न होऊन आले तेव्हा ते कप मीही विसळले आहेत, एवढं सांगून पुढे जाते.

आता ताई दर बोलल्या. रोजावर नाही, उक्तं. गेल्या हातापेक्षा एकरी पाचशे जास्त. "मखमलाबादला हाच देतायत." हे तावातावाने काही बोलणार होते, मी डोळ्यांनीच थांबवलं. साडेआठला जीएच्या पाण्याचा पहिला कप घडाखाली लागला.

नऊ ते एक हेच काम. घड कपात पूर्ण बुडवायचा, बाहेर काढून हलकेच झटकायचा, म्हणजे जास्तीचं पाणी मण्यांवर साचून डाग पडत नाहीत. उक्त्यात झटकायचं विसरलं जातं, म्हणून मी ओळीतून फिरत होते. एका पोरीला टोकलं. ती हसत म्हणाली, "वहिनी, तुम्ही एक ओळ करून दाखवा ना." दाखवली. तिच्या दोन ओळी झाल्या तेव्हा माझी एक संपली.

टोळीत तरुण मुलगा एकच, तोही पाणी कालवायला. बाकीचे कुठे? सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, कंत्राटदाराकडे. ताईंचा थोरला तिथेच आहे. धाकटी मुलगी आश्रमशाळेत दहावीला. ती बागेत येणार नाही, हे ताई जेवताना सहज बोलून गेल्या, मीठ मागावं तसं. तिकडे सुरगाण्याच्या बाजूला काही जण स्वतःच्या रानात स्ट्रॉबेरी लावतात, त्यांच्याकडून तर हिवाळ्यात माणूसच सुटत नाही.

जेवण आम्ही दिलं. वरण साधं.

दुपारी तीनला निर्यातदाराचा माणूस आला, घड चाळून गेला. युरोपला जायचं तर घड मोकळा हवा, मणी सारखे हवेत, म्हणजे आठवडाभरात कात्री घेऊन विरळणी, म्हणजे पुन्हा हात. औषधांची वही त्याने पानन् पान पाहिली. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून त्या वहीला पासबुकाची किंमत आली. पण वहीत सगळं असतं. घड कोणी बुडवला याला तिच्यात रकाना नाही.

साडेपाचला टोळी थांबली. अर्धा एकर राहिला होता. ह्यांनी विनवलं, अंधार पडेपर्यंत करा, वरचे पैसे देतो. ताई म्हणाल्या, "पिकअपवाल्याला सहाचा टाइम दिलाय." सासूबाई ओट्यावरून पुटपुटल्या, "आमच्या वेळी कंदील लावून करायच्या." खरंच करायच्या. उचल फिटेपर्यंत नाही म्हणायची सोय कुठे होती?

पैसे ताईंच्या फोनवर गेले. त्यांनी रक्कम दोनदा वाचली, मग बायांना हिशोब सांगितला, तोही आमच्यासमोर, मोठ्याने.

रात्री नऊला मीच फोन केला. उद्या त्या मुंगसऱ्याला जाणार, आधीच शब्द दिलेला. परवा सकाळी आमचा अर्धा एकर आणि त्याच दिवशी चुलतसासऱ्यांची बाग, पण दोन्ही घरांनी मिळून पिकअपचं भाडं द्यायचं. हे म्हणाले, घासाघीस कर. मी चुलतसासऱ्यांना फोन लावला आणि भाडं निम्मं निम्मं ठरवलं.