खिडकी तुझी, खांदा माझा

(आई-बाबांच्या लग्नाच्या २५व्या वाढदिवसाचं गाणं. ताई आणि मी मिळून म्हणायचं, ध्रुवपद सगळ्यांनी.)

ताई, सुरुवातीला नुसतं बोलून:
आई, बाबा, दोघं पुढे येऊन बसा, शेजारी शेजारी, आणि बाबा तो फोन खिशात ठेवा प्लीज. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा बसने निघालात ना, तेव्हा खिडकीच्या सीटवरून जे बोलणं झालं ते आईने आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आम्हीच त्या बसमध्ये होतो असं वाटतं, म्हणून गाणं तिथूनच सुरू होतं.

ध्रुवपद
खिडकी तुझी, खांदा माझा, एवढंच ठरलं होतं,
जायचं तिकीट काढलं फक्त, परतीचं कुठं होतं!
पंचवीस वर्षं झाली तरी प्रवास चालू अजून,
आई तशीच खिडकीपाशी, बाबा बसलेत चिकटून.

ताई
एक सुटकेस, दोन पिशव्या, सीट मिळाली शेवटची,
दोघांमध्ये ओळख तशी चार-दोन भेटींची.
आईला लागली डुलकी आणि डोकं खांद्यावर आलं,
तीन तास हलले नाहीत बाबा, अंग बधिर झालं.
उतरताना आई म्हणते, "उठवलं का नाही मला?"
बाबा हात झटकत म्हणाले, "झोप लागली होती ना तुला!"

मी
एकच खोली, एकच पंखा, भिंतीला एक खिळा,
त्यावर कॅलेंडर, शर्ट, छत्री, सगळा संसार गोळा.
छत्तीस फोटोंचा रोल एकच, जपून जपून काढायचे,
वर्षभर तो कॅमेऱ्यात पडून, धुवायला पैसे कुठले असायचे!
धुवून आला तर आईचे डोळे मिटलेले फोटोत एका,
तोच बाबांच्या पाकिटात आहे, काढून दाखवा बरं का!

(इथे म्युझिक थांबवायचं, मी नुसतं बोलणार)
काढा ना बाबा, दाखवा सगळ्यांना. कडा झिजल्यात, मागे निळ्या शाईत २००१ लिहिलंय आणि त्यातला शेवटचा आकडा पावसात पसरलाय. पाकिटं चार बदलली, फोटो तोच.

(ध्रुवपद)

दोघं मिळून
मग आली ताई, मग आलो मी, स्कूटर एकच जुनी,
चौघं तिच्यावर, तक्रार तशी केली नाही कुणी.
चढ आला की आई उतरून चालत यायची मागून,
बाबा वरती थांबायचे मग, आरशात वाट बघून.
आरशातली आई मोठी होत होत जवळ येईपर्यंत
बाबांनी गाडी हलवली नाही, तेव्हाही नाही, आजपर्यंत.

ताई (हे कडवं हळू, ढोलकी नको)
बाबांची नोकरी गेली तेव्हा कळलंच नाही आम्हाला,
डबा घेऊन रोज सकाळी निघायचे ते शोधायला.
आईला सगळं माहीत होतं, डबा तरी द्यायची भरून,
"संध्याकाळी लवकर या हं" म्हणायची दारामधून.
आईनं शिकवण्या सुरू केल्या, सतरंजी अंथरून घरात,
पहिली फी तिनं गुपचूप ठेवली बाबांच्या शर्टाच्या खिशात.

मी, बोलून:
भांडणं पण झाली, खूप झाली. अबोला असला की "बाबांना सांग जेवायला या" हा निरोप माझ्याकडे, आणि बाबा दोन फुटांवर बसलेले असायचे, तरी मी सांगायचो आणि तेही माझ्याकडेच बघून "आलो म्हणावं" म्हणायचे, आणि ताट मात्र आधी तिचं वाढलंय का ते बघायचे. पुढचं कडवं.

मी
दोन वर्षांमागे ऑपरेशन झालं, सहा तास बाकड्यावर
आई पाणीही प्यायली नाही, डोळे दारावरच्या दिव्यावर.
टॅक्सीत बसवून घरी निघालो, बाबांना लागली डुलकी,
आईनं खांदा पुढे केला, मान टेकली हलकी.
"उशी देऊ का?" विचारलं मी, खुणेनंच नको म्हणाली,
खड्डा आला की तळहातावर बाबांची मान झेलली.

शेवटचं ध्रुवपद (आधी ताई एकटी, मग सगळे)
"खिडकी तुमची, खांदा माझा," आई म्हणाली हळूच,
बाबा झोपेत हसले थोडे, ऐकू गेलं बहुतेक सगळंच.
पंचवीस वर्षं झाली तरी प्रवास चालू अजून,
सरका थोडं, आम्हीही येतो, बसतो मधे चिकटून.

(दोघांच्या हातात पाकीट देताना, ताई)
उघडा. त्याच रूटची बस आहे, पुढच्या शनिवारी सकाळची, सीट नंबर १७ आणि १८. १७ खिडकीची आहे, कुणी बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. परतीचं तिकीट आम्ही काढलेलं नाही.