सराव-पट्टी 3 : कोणत्या लाटेला हृदय काय करतंय?
(लीड टू, वेग सेकंदाला 25 मिमी, उंची 10 मिमी = 1 मिलिव्होल्ट)

लाटांची नावं तुम्हाला पाठ आहेतच. आज एकाच ठोक्यावर पेन्सिल सरकवत जा आणि प्रत्येक थांब्यावर हृदयात काय चाललंय ते मोठ्याने सांगा. लहान चौकोन 0.04 सेकंद, मोठा 0.2.

पी – सुरुवातीचा छोटा, गोलसर उंचवटा. एसए नोडमधून निघालेला विद्युत संदेश दोन्ही अलिंदांत पसरतोय. त्यापाठोपाठ अलिंदं आकुंचन पावतात आणि निलयांत शेवटची भर टाकतात.

पी नंतरची सपाट रेघ – इथे बहुतेक जण 'काही नाही' म्हणून पुढे जातात. संदेश एव्ही नोडमध्ये मुद्दाम अडवलेला असतो, म्हणून निलयांना भरायला वेळ मिळतो. पीच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंत मोजा: 4 लहान चौकोन, 0.16 सेकंद. 3 ते 5 चालतात. प्रत्येक ठोक्यात तेच 7 भरले आणि एकही क्यूआरएस गळला नाही, तर तो पहिल्या दर्जाचा एव्ही ब्लॉक.

क्यूआरएस – आधी मधला पडदा (क्यूची छोटी खाच), मग निलयांचा मोठा स्नायू (आर), शेवटी तळाकडचा भाग (एस). एवढा मोठा स्नायू आपल्या पट्टीत 2 चौकोनांत उरकतो, कारण संदेश पर्किंजे तंतूंच्या हमरस्त्याने येतो. 3 चौकोन किंवा जास्त लागले तर तो आडवाटेने आलाय. अलिंदांची विद्युत पूर्वस्थितीही याच वेळी येते, पण या उंच लाटेखाली झाकली जाते.

एसटी – पुन्हा सपाट, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. निलयांचा सगळा स्नायू एकाच विद्युत स्थितीत आहे म्हणून रेघ शांत. हृदय मात्र याच वेळी रक्त बाहेर फेकतंय. रुग्णाच्या छातीत दुखतंय आणि ही रेघ वर चढलेली दिसते, तर मोजत बसू नका. डॉक्टरांना लगेच बोलवा, बारा लीडचा ईसीजी काढा.

टी – निलयं विद्युतदृष्ट्या सावरतात. सावरणं असूनही लाट वरच का? बाहेरचा थर शेवटी उत्तेजित होतो, पण आधी सावरतो. दोन्ही गोष्टी उलटल्या म्हणून दिशा तीच. स्टेथोस्कोप लावून बघा: पहिला आवाज क्यूआरएसच्या लगेच मागे, दुसरा टी संपता संपता.

आर ते आर 4 मोठे चौकोन. 300 भागिले 4, म्हणजे मिनिटाला 75.

कागदावर येते ती फक्त वीज. अशीच देखणी पट्टी नाडी लागत नसलेल्या रुग्णाचीही असू शकते, म्हणून मॉनिटर बघताना दुसरा हात मानेवरच्या नाडीवर हवा.

सराव – पट्टी 4 मध्ये क्यूआरएस अरुंद आहे, आर-आर अंतर दर ठोक्याला वेगळं आणि पीच्या जागी नुसती थरथर. वरचा कोणता टप्पा बिघडलाय, आणि निलयांना कोणती भर मिळत नाहीये?