बाबांच्या वाढदिवसाआधी घरातल्या सगळ्यांना

आत्या, मोठे काका-काकू, ताई, भाऊजी आणि घरची सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी बाबांच्या वाढदिवसाला आपण सगळे भेटणार आहोत. त्याआधी एक गोष्ट लिहून कळवते, कारण ऐन जेवताना बोललं की वाद होतो. अजयनी हे पत्र वाचलंय. आधी "कशाला, त्यांना वाईट वाटेल" म्हणाले, आणि मग स्वतःच त्यात दोन वाक्यं घालायला लावली. कोणती ते ओळखा.

विनंती एवढीच की, अजयना गोड खाण्याचा आग्रह करू नका.

त्यांना मधुमेह आहे हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मागच्या वेळी काय झालं ते आठवा. ते दोनदा "नको" म्हणाले, तरी ताटात वाढलं गेलं. मग "बायको ओरडेल म्हणून घाबरतोस होय?" असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले आणि त्यांनी निमूट खाल्लं. वर "बघ, काही झालं का?" हेही ऐकावं लागलं. काही झालेलं दिसत नाही, हीच तर या आजाराची पंचाईत आहे. साखर वाढलेली बऱ्याचदा कळतही नाही. ती वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा यांवर परिणाम होतो. एचबीए१सी तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. म्हणजे पाहुणचार संपून तुम्ही घरी गेलात तरी तो आमच्या रिपोर्टात येऊ शकतो.

"एका तुकड्याने काय होतंय" हे प्रत्येकजण अगदी खरं बोलतो. पण आत्यांचा एक, काकूंचा एक, ताईंनी स्वतः केलेलं म्हणून एक, आणि लहानग्याने भरवला तर नाही कसं म्हणायचं म्हणून आणखी एक. तुमच्या हिशेबी तो एकच असतो, त्यांच्या पोटात सगळ्यांचे जातात. शिवाय एकाचं खाल्लं आणि दुसऱ्याचं नाकारलं तर रुसवा ठरलेलाच.

गूळ किंवा मध घातलेलं चालतं, असंही प्रेमाने सांगितलं जातं. रक्तातली साखर त्यानेही वाढते. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या मिठाईत साखर नसली तरी मैदा किंवा दूध असू शकतं, त्यामुळे तीही मोजूनच खावी लागते. आणि "आज एक गोळी जास्त घे" हे तर कृपा करून गमतीतही म्हणू नका. डोस डॉक्टरांनी ठरवलेला आहे. तो मनाने वाढवला तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

तसं झालं तर मात्र आग्रह हवाच! ते घामाघूम झाले, हात थरथरू लागले, बोलणं गोंधळल्यासारखं वाटलं, तर लगेच मला हाक मारा आणि ते शुद्धीवर असतील, नीट गिळू शकत असतील तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. मीटर माझ्या पर्समध्ये असतो. साखर 70 च्या खाली असेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, थेट अॅम्ब्युलन्स बोलवा.

गोड त्यांना कायमचं बंद आहे असंही नाही. भात-पोळी कमी करून कधी थोडं गोड ते स्वतःहून घेतात. तसं घेतलं तर "अरे, तुला चालतं का?" म्हणून सगळ्यांसमोर विचारू नका आणि माझ्याकडेही बघू नका. मी त्यांची पहारेकरीण नाही. त्यांना काय चालतं हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतं.

वेगळं ताट, वेगळा स्वयंपाक काही नको. सगळ्यांसाठी केलेली भाजी, कोशिंबीर, डाळ त्यांना पुरते. फक्त जेवणाला फार उशीर करू नका, कारण गोळ्यांची वेळ जेवणाशी बांधलेली आहे. मागच्या वेळी फोटोंपायी दीड तास गेला होता. फोटो यंदा जेवणानंतर काढूया का?

काकू, तुमच्या हाताला चव आहे आणि ते खायला न मिळाल्याचं दुःख त्यांना तुमच्याहून जास्त होतं. "नको" म्हणताना त्यांना तुमचा अपमान करायचा नसतो. त्यांच्या वाटचं डब्यात भरून द्या, मी आणि मुलं संपवू.

केक बाबांनी कापायचा आहे. पहिला घास अजयना भरवायचा त्यांचा हट्ट असतो, म्हणून त्यांच्याशी मी आधीच बोलले आहे. "बरं, मग मी तुलाच भरवतो" म्हणाले.

रविवारी साडेअकरापर्यंत पोहोचतो.

तुमची,
वैशाली