फक्कीची रेघ

सरांनी हे काम आम्हा दोघींच्याच गळ्यात मारलं, त्याला कारण होतं. कबड्डीच्या सरावाचं मैदान आम्ही कायम पायाच्या अंगठ्याने आखायचो. दुसऱ्या चढाईपर्यंत निम्म्या रेघा पुसलेल्या असायच्या, कुणाला स्पर्श न करता परतायचं तर जी ओलांडावीच लागते ती निदान रेषासुद्धा. मग जयू म्हणायची, "मी निदान रेषा ओलांडली," आणि मी म्हणायची, "कुठली रेषा? दाखव." शुक्रवारी सर वैतागले. "उद्या शाळा सुटली की तुम्ही दोघीच थांबा. आधी मैदान आखा, मग भांडा."

जयूचे बाबा गवंडीकाम करतात. तिने त्यांचा पाच मीटरचा टेप आणला होता. शिवाय नायलॉनची दोरी, सुतळीचं बंडल, लाकडी खुंट्या आणि शाळेच्या खोलीतलं फक्कीचं पोतं. नियमांच्या पुस्तिकेतली मापं मी वहीत उतरवून घेतली होती. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, आपलं १२ बाय ८. मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून ३ मीटरवर निदान रेषा, त्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र. अंतिम रेषेमागे २ मीटर सोडून बाद खेळाडूंनी बसायची जागा.

"म्हणजे १२ मीटर नाही, १८ मीटर लांब जागा लागणार," मी म्हटलं. "दोन्हीकडे २ मीटर मोकळे आणि १ मीटर बसायला."

"बसायला कोण जातंय?" जयू म्हणाली. ती स्वतःला बाद होणाऱ्यांत धरत नाही.

जागा ठरवण्यात अर्धा तास गेला. एकीकडे झाडाची मुळं वर आलेली, दुसरीकडे उतार. शेवटी भिंतीपासून जरा लांबची सपाट पट्टी निवडली आणि खडे वेचायला बसलो. हे काम कुणी मोजत नाही, पण गुडघे ज्याचे फुटतात त्याला विचारा.

मग जयूने सुरुवात केली. एक खुंटी ठोकली, टेपने १२ मीटर मोजून दुसरी. तिथून "डोळ्यांनी काटकोन" धरून ८ मीटर, मग परत १२, आणि परत ८. शेवटची बाजू बरोब्बर पहिल्या खुंटीवर आली. सुतळी बांधून झाली तेव्हा जयू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झालं. समोरासमोरच्या बाजू सारख्या. आण फक्की."

मला काहीतरी खटकत होतं. मी शाळेच्या पायरीवर चढून पाहिलं. चौकोन एका बाजूला कलल्यासारखा दिसत होता, जशी काड्यांची पेटी अंगठ्याने दाबल्यावर होते. बाजू त्याच राहतात, पेटी मात्र तिरपी.

"तुझे डोळे तिरपे," जयू म्हणाली.

"मग कर्ण मोजू."

दोरी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि पुरली तिथे स्केचपेनने खूण केली. तीच दोरी दुसऱ्या कर्णाला लावली. खूण कोपऱ्याच्या अलीकडेच थांबली. टेप लावला तर ६४ सेंटीमीटरचा फरक. जयू बराच वेळ त्या खुणेकडे बघत राहिली. मग न बोलता सुतळी सोडायला लागली. ती चूक कबूल करते ती अशी.

आता काटकोन आणायचा कुठून? बाबांचा गुण्या आणू, असं ती म्हणाली, पण गुण्या हातभर लांबीचा. एवढ्याशा कडेवरून ८ मीटर लांब रेघ पुढे न्यायची तर सुरुवातीला केसभर चुकलं तरी टोकाला बोटभर चुकणार. मी वही उघडून मापं पुन्हा वाचली. १२ चे निम्मे ६. रुंदी ८. सहा, आठ.

"जयू, अर्धं मैदान ६ बाय ८ आहे."

"मग?"

"सहाचा वर्ग ३६, आठाचा ६४. बेरीज १००. अर्ध्या मैदानाचा कर्ण बरोबर १० मीटर येणार."

जयूने माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग मैदानाकडे. गणिताच्या तासाला ती माझ्यामागे बसून वेणी घालते, पण हे तिला एका दमात समजलं. "म्हणजे कडेपासून नाही, मध्यरेषेपासून सुरू करायचं," ती म्हणाली. हे मला सुचलं नव्हतं.

मध्यरेषेच्या दोन टोकांना ८ मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या. दोरीवर ६ आणि १० मीटरच्या खुणा हव्या होत्या. आधी आम्ही गाठी मारल्या, पण गाठच दोरी खाते हे दुसऱ्या गाठीला लक्षात आलं. म्हणून गाठी सोडून पेनाच्या खुणा. तरी नायलॉन ताणलं की वाढतं. जयू ओढायची बैलासारखी, मी ओढायची शेळीसारखी, आणि माप दर वेळी वेगळं. शेवटी ठरलं, ओढायचं फक्त मी.

एका खुंटीपासून ६ मीटरची दोरी, दुसरीपासून १० मीटरची. दोन्ही खुणा जिथे एकमेकींना भेटल्या तिथे जयूने खुंटी धरली आणि मी दगडाने ठोकली. असे चारही कोपरे. मग सबंध मैदानाचे दोन्ही कर्ण तपासले. दोरीवरची खूण एकीकडे जिथे आली तिथेच दुसरीकडे आली. बोटभरही फरक नाही. जयूने एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली की शिपाईकाका खोलीतून बाहेर आले.

पुढचं सगळं भराभर झालं. राखीव क्षेत्र, निदान, बोनस. घोळ झाला तो फक्की टाकताना. रेघ चांगली चार-पाच सेंटीमीटर जाड पडते. ती सुतळीच्या आत टाकायची की बाहेर? कडेची रेघ मैदानातच मोजतात, म्हणून ती सुतळीच्या आतल्या अंगाला टाकायची, हे मी पुस्तिकेतून वाचून दाखवलं. आतल्या रेघांचं काय, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. फक्की दोघींच्या केसांत गेली. घरी पोचल्यावर आईने मला ओळखलं, पण उशिरा.

सोमवारी सरांनी मैदानावर पाणी मारून घेतलं, फक्कीचा हात पुन्हा फिरवला आणि शिट्टी वाजवली. पहिली चढाई जयूची. मी डाव्या कोपऱ्यावर. ती "कबड्डी कबड्डी" करत आत आली, आमच्या मधलीवर हात टाकला, तो हुकला. मी पायावर झेप घेणार तेवढ्यात वळली आणि मध्यरेषेपार. कुणालाच स्पर्श नाही. म्हणजे निदान रेषा ओलांडलेली हवी, नाहीतर बाद.

"ओलांडली!" जयू.

"नाही!" मी.

ओल्या मातीत तिचा पाय स्पष्ट उमटला होता. अंगठा रेघेला जेमतेम टेकलेला, पलीकडे काही नाही. पांढरी रेघ जशीच्या तशी. सर खाली वाकले, पाहिलं आणि बसायच्या जागेकडे बोट दाखवलं.

जयू दोन पावलं गेली आणि थांबली. दप्तराकडे धावली. टेप घेऊन आली, एक टोक मध्यरेषेवर माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः निदान रेषेवर धरलं.

"तीन मीटर," मी म्हटलं. "बरोबर आहे."

"हो," जयू म्हणाली. "पण रेघेच्या ह्या कडेपर्यंत की त्या?"