आजीचा एमआरआय बघितला, मामा सावकाश वाच

मामा, सीडीतल्या इमेजेस काल ड्युटी संपल्यावर नीट बघितल्या, आमच्या मॅडमनाही दाखवल्या. तू विचारलंस ना, डोक्यात पाणी झालंय तर ऑपरेशन करून काढता येईल का, तिथूनच सुरू करते कारण घरात सगळे त्याच आशेवर आहेत असं आई म्हणाली.

ते पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं, सीएसएफ म्हणतात, मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत आणि बाहेरच्या घड्यांच्या फटींत. कवटी हाडाची, ती काही लहान होत नाही, मग मेंदू आकसला की रिकामी जागा हेच पाणी भरून काढतं. म्हणजे पाण्याने मेंदू दाबला नाहीये, आधी मेंदू आकसला आणि मग पाणी जास्त दिसायला लागलं. रिपोर्टमध्ये व्हेंट्रिकल्स आणि सल्काय प्रॉमिनंट लिहिलंय ते हेच. एनपीएच नावाचा एक आजार असतो त्यात खरंच ऑपरेशन करून शंट, म्हणजे हे पाणी वळवणारी नळी, टाकतात आणि काहींना छान फरक पडतो, पण त्यात चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवी आवरत नाही, आणि स्कॅनमध्ये माथ्याकडच्या घड्या चेपलेल्या दिसतात. आजी अजून जिना चढते आणि तिच्या तिथल्या घड्या चांगल्या रुंद उघड्या आहेत. त्यामुळे शंटचं मला नाही वाटत.

आता मुख्य गोष्ट. कानाच्या पातळीला मेंदूच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस असतो, दोन्ही बाजूंना एकेक, नवीन गोष्ट आठवणीत बसवायला तो लागतोच. आजीचे दोन्ही बारीक झालेत, डावा जरा जास्त. आकसण्याचा ४ पैकी ३ स्कोअर आहे, पंचाहत्तरीनंतर २ पर्यंत आम्ही वयाचं म्हणून सोडतो, ३ नाही सोडत. म्हणून तिला माहेरची विहीर आठवते पण दहा मिनिटांपूर्वीचा चहा नाही. मामा ती मुद्दाम नाही रे विचारत परत परत, तिच्यासाठी तो प्रश्न दरवेळी पहिलाच असतो. मामीलाही हे सांग, ती खूप थकलीये मला कळतंय. वरच्या मागच्या बाजूचा, पराएटल लोबही आकसलाय, देवळातून येताना वाट चुकली त्याचा याच्याशी संबंध असू शकतो.

रक्तस्राव नाही, गाठ नाही, मोठा स्ट्रोक नाही. अल्झायमर असावा असं हे चित्र आहे, पण नुसत्या स्कॅनवर कोणी शिक्का मारत नाही, आणि जे आकसलंय ते गोळीने परत भरत नाही. गोळ्यांनी काही दिवस थोडं सावरतं, तेवढं मिळालं तरी मला हवंय.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना बी१२ आणि थायरॉइडचे रिपोर्ट ने, केले नसतील तर आधी कर, कारण त्यात कमी निघाली तर ती भरून काढता येते. ती रोज रात्री सर्दीची गोळी घेते ना झोप लागते म्हणून, त्याची स्ट्रिपसुद्धा ने, अशा काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, अपॉइंटमेंट त्यानंतरची घे, मी सोबत येईन.